‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवा

(चाकण परिसरात कामासाठी आलेल्या आदिवासी कुटुंबांच्या एका छोट्या मंडळीचा अभ्यास सुरू होत आहे. त्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या तयारी-सभेत एका भगिनीने केलेले भाषण वाचकांसाठी देत आहोत.)



मी समाजशास्त्र शिकवते, आणि गेली बरीच वर्षे वस्त्यांमधून, उपासनेच्या जागांमधून बसून लोकांचे जगणे लिहून काढण्याचे काम करते. कमिटीने मला सांगितले, “ताई, तासाभरात प्रश्नावली कशी भरायची ते शिकवा.” प्रश्नावली मी आणलेली नाही. हा अभ्यास प्रश्नावलीने होण्यासारखा नाही, आणि जे खरे कठीण आहे ते प्रश्न विचारण्याच्या आधीच येते.

आधी एक जवळचे उदाहरण घेते. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आपल्या आकुर्डीला मुक्कामाला येते. आपल्यापैकी पुष्कळांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून वारकऱ्यांना पाणी दिले आहे. कडेला उभ्या असणाऱ्याला काय दिसते? सगळे एका सुरात गातात, एका पावलात चालतात. इरावती कर्वे या आपल्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ. त्या कडेला उभ्या राहिल्या नाहीत, पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला, आणि 1962 साली तो इंग्रजीतही आला. त्यांना दिसले की दिवसभर एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगवेगळी बसतात. रस्त्यावरच्या माणसाने “तुमच्यात भेद आहे का?” असे विचारले असते, तर सगळ्यांनी मनापासून “नाही” म्हटले असते, आणि ते खोटेही बोलले नसते. भेद होता तो पंगतीत, आणि पंगत पाहण्यासाठी त्यांच्याबरोबर मुक्कामाला राहावे लागले.

आपल्या अभ्यासाची पद्धत ही अशी आहे. माणसांबरोबर दीर्घकाळ राहायचे, त्यांच्या रोजच्या व्यवहारात भाग घ्यायचा, पाहिलेले त्याच रात्री लिहून काढायचे. पण जो इतका जवळ जातो त्याला पंगतही दिसते आणि घरातले भांडणही दिसते. म्हणून या पद्धतीत संमतीचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो.

आता आपली मंडळी पाहू. जागेचे नाव मी घेणार नाही, तुम्हीही आजपासून बाहेर घेऊ नका. चाकण एमआयडीसीच्या एका गावातल्या चाळीत दोन खोल्यांची भिंत काढून केलेली प्रार्थनेची जागा आहे. चाळीसएक प्रौढ माणसे येतात. बहुतेक कंत्राटावर, ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. त्यांच्यातलाच एक भाऊ पाळकाचे काम पाहतो आणि स्वतःही शिफ्टला जातो. आपल्या सेवाकार्यातून या कुटुंबांना पावसाळ्यात ताडपत्री, मुलांना वह्या आणि अडचणीत दवाखान्याची मदत मिळते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

पहिले काम म्हणजे प्रश्न लहान करणे. कमिटीच्या कागदावर विषय होता, ‘स्थलांतरित आदिवासी ख्रिस्ती बांधवांचे जीवन’. एवढा विषय घेऊन गेलो तर आपण सगळेच विचारू, आणि माणसाला नागडे केल्यासारखे होईल. आपण तो असा लहान केला आहे: गाव सोडून आलेल्या कुटुंबात आजारपण आले, मजुरी अडकली किंवा कोणी वारले, तर ही मंडळी नेमके काय करते आणि काय करू शकत नाही? या प्रश्नाला लागत नाही ते विचारायचे नाही. बाप्तिस्मा केव्हा झाला, आधी कोणता देव होता, जातीचा दाखला आहे का, हे आपल्या प्रश्नाला लागत नाही. कोणी आपणहून सांगितले तर ऐकू, पण खोदून काढणार नाही. लहान प्रश्नाचा पहिला फायदा लोकांनाच होतो. त्यांच्याकडून आपण कमी घेतो.

दुसरे, दिवस कोणता? आपण सर्वांनी रविवार गृहीत धरला होता. पण आपल्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शिवाय शिफ्ट फिरत्या असतात. नुसते रविवारी सकाळी गेलो, तर ज्यांची पाळी त्या दिवशी नाही तेच भेटतील, आणि आपण लिहू, ‘मंडळीत पुरुष कमी, बायका जास्त येतात.’ ते मंडळीचे चित्र नसून शिफ्टचे चित्र असेल. म्हणून सहा महिने दर गुरुवारी संध्याकाळी आणि महिन्यातून दोन रविवार, असे ठरले आहे. दोघेच जायचे, त्यातली एक बाई. पहिला महिनाभर वही बाहेर काढायची नाही, मुलाखत मागायची नाही. लोकांना आपण कोण हे कळू द्यायचे, आणि आपल्याला त्यांच्या वेळा. पुढे सवडीने बारा ते पंधरा जणांशी लांब बोलणी करायची.

आता मुख्य गोष्ट, संमती. आपल्यातले एक बंधू मला म्हणाले, “पाळकांनी हो म्हटलंय, झालं की.” मी त्यांना विचारले, “तुमच्या पाळकसाहेबांनी हो म्हटलं, म्हणून उद्या कोणी तुमच्या घरी येऊन पगार आणि आजार विचारला तर चालेल?” ते हसले, पण मुद्दा उतरला. पाळकाचा होकार म्हणजे दारातून आत येण्याची परवानगी. ती हवीच, तिच्याशिवाय जाणे उद्धटपणाचे होईल. पण त्या होकारात इतर चाळीस माणसांचा होकार येत नाही.

म्हणून आपण पायऱ्या ठेवल्या आहेत. आधी पाळक आणि पंचांशी बोलायचे. त्याच बैठकीत हेही सांगायचे की अहवालातली चुकीची माहिती ते दुरुस्त करू शकतील, पण दुसऱ्याने सांगितलेले त्यांना आवडले नाही म्हणून काढता येणार नाही. हे शेवटी सांगितले तर भांडण होते, आधी सांगितले तर करार होतो. नंतर सर्वांसमोर, आपण कोण, कशासाठी आलो, काय लिहू, कुठे छापू, हे सांगायचे. एकदा सांगून भागणार नाही. शिफ्टमुळे प्रत्येक वेळी वेगळी माणसे असतात, म्हणून निदान तीन वेगवेगळ्या दिवशी सांगायचे. मग ज्याच्याशी लांब बोलायचे त्याला एकट्याला भेटून विचारायचे, आणि उत्तर त्याच दिवशी घ्यायचे नाही. “पुढच्या गुरुवारी सांगा,” म्हणून निघून यायचे. मधला आठवडा हा त्याचा नाही म्हणण्याचा वेळ आहे.

सही घ्यायची का? आपल्या मुंबईतल्या सेहत या संस्थेने 2000 साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार करून प्रसिद्ध केली. अशी तत्त्वे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. माणसाला कळले आहे का आणि त्याने मोकळेपणाने ठरवले आहे का, हे पाहणे म्हणजे संमती. कागद हा तिचा फक्त पुरावा. ज्याने ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊन नुकसान सोसले आहे, त्याच्यापुढे तुम्ही छापील फॉर्म ठेवला तर तो घाबरेल. आणि सह्यांचा गठ्ठा म्हणजे चाळीस नावांची आयती यादी, ती चुकीच्या हाती पडू शकते. म्हणून आपण तोंडी संमती घेणार आहोत. एक साक्षीदार असेल, तो त्या माणसाने स्वतः निवडलेला. वहीत फक्त तारीख आणि खुणेचा आकडा लिहायचा.

आता ताडपत्रीकडे परत येऊ. आपल्या अभ्यासाला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. जो मदत देतो त्याला माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून दोन नियम. मदत वाटणाऱ्यांपैकी कोणीही मुलाखतीला जायचे नाही. आणि कोणी बोलायला नकार दिला, तर त्याचे नाव सेवाकार्याच्या कचेरीत कधीच पोहोचायचे नाही, चहा पिताना सुद्धा नाही. हे नियम आपण पाळतो, हे लोकांना सांगायचेही.

एवढे करूनही मिळालेला होकार खरा आहे का, हे कसे ओळखायचे? आपली माणसे तोंडावर नाही म्हणत नाहीत. ती म्हणतात, “बघू की ताई.” “आज ड्युटी लागली.” “मालकांना विचारून सांगते.” दोन वेळा ठरवून माणूस दोन्ही वेळा घरी नसेल, तर तो नाही म्हणतो आहे. तिसऱ्यांदा जाऊ नका. बाई बोलताना दर वाक्याला नवऱ्याकडे किंवा पाळकाकडे पाहत असेल, तर विषय बदला आणि चहा घेऊन उठा. सगळ्यांची उत्तरे एकाच शब्दांत येऊ लागली, तर समजा की आपण येण्याआधी कोणीतरी बैठक घेतली आहे. आणि बोलणे संपल्यावर कोणी विचारले, “मग वह्यांचं काय झालं?” तर त्याने आपल्याला अभ्यास करणारे म्हणून होकार दिलेला नाही, वह्या देणारे म्हणून दिला आहे. त्या दिवशीचे लिखाण बाजूला ठेवायचे, पुन्हा समजावून सांगायचे, आणि त्याने परत हो म्हटले तरच वापरायचे. चाळीसांपैकी चाळीसांनी हो म्हटले, तर मला आनंद होणार नाही, काळजी वाटेल. पाच-सहा जणांनी नाही म्हटले, तर वाट मोकळी आहे असे मी समजेन.

भाषेचाही प्रश्न आहे. काही वडीलधारी माणसे मनातले आपल्या बोलीतच बोलतात, त्यामुळे दुभाषी लागेल. मंडळीतलाच हुशार तरुण सोयीचा वाटतो. पण उद्या तोच शेजारी राहणार, आणि ऐकलेले त्याच्या मनात राहणार. म्हणून बोली जाणणारी, पण दुसऱ्या वस्तीत राहणारी व्यक्ती आपण शोधली आहे.

उपासना चालू असताना काय करायचे? तिथे प्रत्येकाची वेगळी संमती घेता येत नाही. आपण कोण आहोत हे सर्वांना माहीत असले, की बसायला हरकत नाही. पण वही काढायची नाही, मोबाइल काढायचा नाही. प्रार्थना-विनंतीत कोणी रडून सांगितले, “माझा मुलगा दारू पितो,” तर ते देवाला सांगितलेले आहे, आपल्याला नाही. ते लिहायचे नाही. पुढे त्या बाईने स्वतः आपल्याशी तो विषय काढला, तर ती गोष्ट वेगळी.

तुम्ही विश्वासी आहात, गाणे आले तर गा, प्रार्थना करा. पण जे वाटत नाही ते दाखवू नका. 1956 साली अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका छोट्या पंथावर पुस्तक लिहिले. जगाचा अंत अमुक दिवशी होणार, असे मानणारा तो गट होता. अभ्यासकांनी आपली माणसे विश्वासी असल्याचे भासवून आत पाठवली. आत शिरण्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी खोटे अनुभव सांगितले. गटातल्या लोकांना वाटले, बघा, आपल्याला खुणा मिळताहेत, आणि त्यांची श्रद्धा आणखी पक्की झाली. म्हणजे जे पाहायला गेले, त्यांनीच ते थोडेसे घडवले. फसवणूक झाली ती वाईटच, शिवाय अभ्यासही बिघडला. आपल्या बाबतीत भासवणे उलट्या बाजूने होते. ‘आपलीच माणसं’ म्हणून आपण इतके मिसळतो की वहीची आठवण त्यांना राहत नाही. महिन्यातून एकदा तरी सहज म्हणायचे, “मी हे लिहिते आहे, माहीत आहे ना?”

रात्री घरी आल्यावर लिहायचे. झोपायच्या आधीच, कारण सकाळपर्यंत माणसाचे शब्द जाऊन आपले शब्द येतात. पानाचे तीन भाग करा: काय पाहिले, कोण काय म्हणाले, मला काय वाटले. समजा तुम्ही लिहिले, ‘मंडळीने आजारी भावाला खूप प्रेमाने मदत केली.’ हे तिसऱ्या भागातले झाले. पहिल्या भागात असे हवे: ‘तीन बायकांनी पाळीने चार दिवस डबा पोचवला, दोन पुरुषांनी एकेक खाडा करून दवाखान्यात बसून काढला, अर्पणाच्या डब्यातून पैसे काढण्यावर पंचांत एकमत झाले नाही.’ आपल्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. मदत वेळेची आणि अंगमेहनतीची होते, पैशाशी येऊन अडते. पुढे आणखी तीन-चार प्रसंगी तसेच दिसले तर म्हणायचे, नाही तर नाही.

वहीत नावे नाहीत, खुणेचे आकडे. कोणता आकडा कोणाचा, ती यादी एकाच ठिकाणी, कुलपात आणि वहीपासून वेगळी. इतकी खबरदारी कशाला, असे वाटेल. कारण देते. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट आहे. आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही, म्हणून आदिवासी ख्रिस्ती बांधवाचा दर्जा धर्मामुळे जात नाही. तरीही तो काढून घ्यावा अशी मागणी होत असते, आणि लोकांच्या मनात भीती असते. अशा वेळी कुटुंबाचे नाव, जमात, गाव आणि उपासनेची जागा एका ओळीत लिहिलेली वही म्हणजे त्या कुटुंबाच्या दृष्टीने साधा कागद राहत नाही. चाळीच्या मालकाला, ठेकेदाराला, गावच्या नातेवाइकांना ती काय सांगेल, हे आपण आधी मनात आणायचे.

नाव बदलले की झाले, असे मलाही एके काळी वाटे. माझीच चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका वस्तीतल्या मंडळीवर लिहिले. एका भगिनीची हकीकत त्यात होती. मी नाव बदलले होते. पण विधवा, धुणीभांडी करते, अमुक तालुक्यातली, मुलगी नर्सिंगला, एवढे सगळे ठेवले, कारण त्याने लेख जिवंत झाला. तो आपल्यासारख्याच एका त्रैमासिकात छापून आला, सगळ्यांनी वाखाणला. तो अंक हातोहात तिच्या गावी पोचला. त्या तालुक्यातून आलेली, नर्सिंग शिकणारी मुलगी असलेली अशी बाई त्या वस्तीत एकच होती. ती प्रार्थनेला जाते, हे तिने भावाला सांगितलेले नव्हते. त्या वर्षी भावाच्या घरच्या लग्नाचे तिला बोलावणे आले नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा तिने मला बसायला पाट दिला, चहा केला आणि म्हणाली, “ताई, नाव बदललंत, पण मी तिथंच राहिले ना.” तिने माझ्याशी बोलायला हो म्हटले होते. भावाला कळावे, याला हो म्हटले नव्हते.

त्यातून मी एक चाचणी शिकले. लिहिलेला मजकूर हातात घ्यायचा आणि विचारायचे, हे तिच्या शेजारणीने वाचले तर ओळखेल का? अनोळखी वाचकाचा प्रश्नच नाही, तो कोणालाच ओळखत नाही. चाळीस जणांच्या मंडळीत दोन-तीन तपशील एकत्र आले की माणूस ओळखू येतो. मग तालुका काढा, धंदा बदला, किंवा तीन कुटुंबांचा एकच अनुभव एकत्र सांगा आणि तसे केले आहे हे वाचकाला सांगा. एवढे करून लेख थोडा कोरडा होईल. होऊ द्या.

याला जोडूनच आपल्या या पत्रिकेविषयी बोलते. अभ्यासासाठी घेतलेले बोल अभ्यासासाठीच. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हवासुपाई नावाची लहान आदिवासी जमात आहे. त्यांच्यात मधुमेह फार होता. 1990 पासून तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्तनमुने घेतले. लोकांना वाटले मधुमेहासाठी. पुढे तेच नमुने मानसिक आजारांच्या आणि जमात मूळ कुठून आली याच्या अभ्यासालाही वापरले गेले. ती जमात कुठून आली याविषयी त्यांची स्वतःची पवित्र कथा आहे, आणि त्यांना न विचारता कोणी तिच्याविरुद्ध त्यांचेच रक्त साक्षीला उभे केले होते. शेवटी 2010 साली विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत दिले. आपण रक्त घेत नाही, पण फोटो आणि साक्षी घेतो. अभ्यासात ऐकलेली दुःखाची हकीकत पुढच्या अंकात मदतीच्या आवाहनाशेजारी छापायचा मोह होईल. देणग्याही येतील. ते करायचे नाही. करायचे असेल तर त्या माणसाकडे नव्याने जाऊन, वेगळे विचारून.

आणखी एक मर्यादा आधीच सांगायची. ‘तुमचे बोलणे कोणाला सांगणार नाही,’ असे सरसकट वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून बोलण्याच्या सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगायचे: “लेकराच्या जिवाचा प्रश्न असेल तर मला सांगावंच लागेल. बाकी तुमचं तुमच्यापाशी.” अठरा वर्षांखालच्या मुलांशी आपण या अभ्यासात बोलणारच नाही.

कोणी विचारले की हेच देवळात किंवा मशिदीत करायचे असेल तर? पायऱ्या याच, पण दारे वेगळी. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात गेलात, तर परवानगी देवस्थान ट्रस्टकडे मागाल. पण रांगेतल्या हजारो लोकांची संमती कशी घेणार? तिथे आधी ठरवावे लागेल की आपला ‘समुदाय’ कोणता: पुजारी, रोज येणारे, की दारातले फुलवाले. मशिदीत विश्वस्तांशी बोलून शुक्रवारच्या नमाजाला बसता येईल. पण बायकांचे धार्मिक जीवन पुष्कळदा घरात असते, तिथे बाई अभ्यासकच जाऊ शकेल. नाही तर तुम्ही निम्मा समाज पाहून पूर्ण समाजावर लिहाल. आणि दुसऱ्या धर्माच्या जागेत आपण सेवाकार्याची माणसे आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागेल. ते लपवून मिळालेला होकार होकार नव्हे.

शेवटी, सहा महिन्यांनी काय? लिहिलेले आधी ज्याचे त्याला एकट्याला वाचून दाखवायचे, त्याच्या भाषेत. “हे राहू दे, ते काढा,” असे तो म्हणाला तर कारण विचारायचे नाही. मग पूर्ण मंडळीसमोर वाचायचे, आणि लोक म्हणाले, “असं नाही, चुकलंय,” तर त्यांचे म्हणणेही अहवालात लिहायचे. छापण्याच्या तारखेपर्यंत प्रत्येकाला आपले बोल मागे घेता येतील, आणि ती तारीख त्यांना सांगितलेली असेल. छापल्यावर परत घेता येत नाही, हेही सांगितलेले असेल. मग निरोप घ्यायचा. सहा महिने दर गुरुवारी येणारी ताई एकाएकी येईनाशी झाली, तर ते लोकांना लागते. म्हणून शेवटचा दिवस पहिल्याच महिन्यात सांगून ठेवायचा.

येत्या गुरुवारी आपले दोघे पहिल्यांदा जातील. बरोबर वही नाही, फॉर्म नाही, वाटायला काही नाही. कमिटीतल्या कोणी त्यांना परत आल्यावर विचारले, “काय माहिती मिळाली?” तर त्यांनी सांगायचे, “अजून काही नाही, चहा मिळाला.” पहिल्या गुरुवारचे काम तेवढेच आहे.